आधी नमस्कार, मग डबा

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे चार ओळी लिहायला कुणी सांगितलं की मी चौदा लिहितो. ही खोड बहिणीला लहानपणापासून माहीत होती, तरी तिनं डब्यांचे मेसेज लिहायचं काम माझ्याकडेच दिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवरची अक्षरं तिला दिसत नव्हती. आणि घरात मास्तर असताना दुसऱ्याला कशाला विचारायचं, हा तिचा हिशेब.

तिचं सासर चाकणजवळच्या निघोज्याचं. मेहुणे गेल्यावर तिनं डबे सुरू केले. आजूबाजूच्या छोट्या वर्कशॉपमधली कंत्राटी पोरं तिच्याकडून जेवायची. सत्तरेक डबे दुपारी टेम्पोतून या वर्कशॉपांच्या सामाईक गेटपाशी जायचे. वरच्या खोलीत लातूरकडचा एक फिटर भाड्यानं राहायचा, त्यानं तिच्यासाठी मेसेजिंग ॲपवर चॅनेल काढून दिलं. त्यात फक्त आपण लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. उद्याची भाजी काय, डबा नको असेल तर रात्री आठपर्यंत बहिणीला फोन करा, एवढंच कळवायचं होतं. मी चिंचवडला राहतो, पण चॅनेलवर लिहायला निघोज्याला जावं लागत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

मी जोरात सुरुवात केली. सकाळी सुविचार, दुपारी 'जेवलात ना?', संध्याकाळी उद्याचा बेत. शाळेत फळ्याच्या डोक्यावर सुविचार लिहिल्याशिवाय मी कधी तास घेतला नाही, तर इथे कसा घेणार? बेतही नुसता कळवायचो नाही. मेथीच्या भाजीवर एकदा मी सहा ओळी लिहिल्या होत्या आणि त्या चांगल्या उतरल्या होत्या, हे आजही म्हणतो.

महिनाभरानं फिटरनं मला चॅनेलची आकडेवारी दाखवली. प्रत्येक मेसेजखाली डोळ्याचं चित्र असतं, त्यापुढे किती जणांनी पाहिलं तो आकडा. तो खाली चालला होता. शिवाय किती लोकांनी सूचना चालू ठेवल्यात, हेही एका ठिकाणी दिसायचं. निम्म्याहून जास्त पोरांनी चॅनेल म्यूट केलं होतं. कुणी केलं ते दिसत नाही, फक्त केलंय एवढं कळतं.

फिटरनं फार अदबीनं समजावलं. पोरं मशीनवर असतात, फोन लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर बंद स्क्रीनवर एक नजर टाकतात, तिथे मेसेजची पहिली ओळच दिसते. ती रोज सुविचाराची असेल तर उघडायचं कशाला? आणि दिवसातून तीनदा फोन वाजला तर कुणीही आवाज बंद करणार. एकच मेसेज, ठरलेल्या वेळी, आणि कामाचं ते पहिल्या ओळीत. "बाकी तुम्ही खाली कितीही लिहा की सर," तो म्हणाला.

मला राग आला. नमस्कार न करता कुणाच्या घरात शिरत नाहीत, मग फोनमध्ये का शिरायचं? पण आकडा समोर होता. दोन दिवस फुगून बसलो आणि मग ऐकलं. 'उद्या: मटकी, चपाती, भात. नको असेल तर आठपर्यंत फोन.' तार पाठवल्यासारखं वाटायचं. आठवडा झाला, दोन झाले, आकडा तिथेच.

मग डोक्यात उजेड पडला. ज्यांनी म्यूट केलं, त्यांना मी सुधारलोय हे कळणार कसं? मी शहाण्यासारखं लिहीत होतो, ते न वाजणाऱ्या फोनमध्ये जाऊन पडत होतं. 'कृपया चॅनेलचा आवाज पुन्हा चालू करा' असाही मेसेज मी टाकला. तोही अर्थात वाजला नाही. वर्गाबाहेर गेलेल्या मुलांना आत बसून हाका मारल्यासारखं ते होतं. माझं मलाच हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

अशात बहिणीला दवाखान्यातून ऑपरेशनची अचानक तारीख मिळाली. बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. गुरुवारी तर सगळ्या वर्कशॉपांची आठवड्याची सुट्टी, पण शुक्रवारपासून चार दिवस डबा नाही. "पोरांना नीट सांग, दादा. कुणी उपाशी ऱ्हायला नको, येवढंच बघ."

नीट सांग, हे तिनं मला सांगायला नको होतं. रोजची मटकी वेगळी आणि हे वेगळं, असं मला वाटलं. अन्नाच्या बाबतीत 'बंद' हा शब्द पहिल्याच ओळीत टाकायचा? आमच्या घरात डब्यातलं पीठसुद्धा कधी 'संपलं' म्हटलं नाही. मी सस्नेह नमस्कार लिहिला, त्यांच्या लोभाबद्दल आभार मानले, बहिणीच्या कष्टांवर चार ओळी लिहिल्या, ऑपरेशनचं सांगितलं, दिलगिरी व्यक्त केली आणि सगळ्यात शेवटी डब्याचं कळवलं. लिहून झाल्यावर समाधान वाटलं. पंधरवड्यात पहिल्यांदा मी माणसासारखं लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी पाहिलं तर डोळ्याच्या चित्रापुढे एकतीस. पोरांचे नंबर बहिणीच्या फोनमध्ये, तो बंद, आणि तिला आत नेलेलं. फिटर गावी गेलेला. माझ्या हातात चॅनेल तेवढं होतं. मी तोच मेसेज पुन्हा टाकला, मग पुन्हा. एकतीसचे चौतीस झाले. शेवटी बस पकडली.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर अडकली. गेटपाशी पोचलो तेव्हा सुट्टीची दहा मिनिटं उरली होती आणि वीस-पंचवीस पोरं कडुनिंबाखाली उभी होती. मला पाहून त्यांना वाटलं, टेम्पो मागून येतोय. मी म्हणालो, मेसेज पाठवला होता. एकानं फोन काढून दाखवला, त्याचा आवाज चालूच होता. स्क्रीनवर माझा सस्नेह नमस्कार दिसत होता, न उघडलेला. "आम्हाला वाटलं, नेहमीचंच आहे," तो म्हणाला. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. भोंगा झाला आणि ती तशीच आत गेली. गाडीवरचे वडापाव आणावेत हे मला सुचलं, तेव्हा गेट बंद झालं होतं.

चार दिवसांत बरीच पोरं रस्त्यापलीकडच्या मेसला लागली. बहीण पुन्हा चुलीपुढे उभी राहिली तेव्हा तीसही डबे नव्हते. मला ती एका शब्दानं बोलली नाही. पोरांनी आवाजच बंद केला तर दादा काय करणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी ते ऐकून घ्यायचो.

एका दुपारी काळा चष्मा लावून ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या येळचा मेसेज वाच की. म्या ऐकलाच न्हाई."

मी वाचायला लागलो. नमस्कार झाला, आभार झाले, तिच्या कष्टांवरच्या ओळी झाल्या. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, काढून ठेवली. मी अजून दिलगिरीपर्यंतही पोचलो नव्हतो.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली. मग परातीतला हात थांबवून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "पण ह्ये तू कुणाला लिवलं व्हतंस, दादा?"