सात दिवसांची नोटीस

शाळेच्या फाटकावरच्या मावशीला मुलं पाठीमागे हवालदारीण म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. बाई धिप्पाड, आवाज भसाडा, आणि उजव्या भुवईच्या वर तीन खोल खड्डे. खड्डे कांजिण्यांचे. लहानपणी तिने ते फोड खाजवून खाजवून काढले होते, कारण खाजवू नको असं समजावणारं घरात कुणी नव्हतं. बाप होता, पण तो समजावण्याच्या भानगडीत पडत नसे, थेट कानाखाली ओढत असे. बापानंतर ते काम नवऱ्याने हाती घेतलं. तीन वर्षं तिने मुकाट्याने मार खाल्ला. चौथ्या वर्षी एका दुपारी तिने त्याचा उगारलेला हात वरच्या वर धरला आणि असा काही पिरगाळला की कोपर कडकन वाजलं. नवरा गेला तो गेलाच.

तेव्हापासून बाईचा हात जरा सैल झाला. घरमालकाने तो चाखला, भाजीवाल्याने चाखला, आणि अलीकडेच दारू पिऊन फाटकावर चढणाऱ्या एका पालकानेही चाखला. त्याचा दात पडला. मुख्याध्यापिकांनी तिच्याकडून लेखी घेतलं, की पुन्हा कुणावर हात उचलला तर त्याच दिवशी नोकरी गेली. तिने सही केली. या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? महिनाभर ती फाटकाशी हात मागे बांधून उभी राहिली. आपल्याच हातांचा तिला भरवसा नव्हता.

अशात दुसरीच्या ‘ब’ वर्गात कांजिण्या आल्या. आधी एक मूल, मग दोन आठवड्यांनी एकदम पाच. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी पालकांसाठी दोन पानी मजकूर लिहून दिला. मुख्याध्यापिकांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "एवढं लांबलचक कुणी वाचत नाही." लाल पेनने छाटत छाटत त्यांनी तो सात ओळींवर आणला. वर्गात कांजिण्यांची लागण झाली आहे, हे राहिलं. बाकीच्या मुलांवर तीन आठवडे लक्ष ठेवा, ताप किंवा पुरळ दिसलं तर पाठवू नका, हेही राहिलं. घरात गरोदर बाई असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर ताबडतोब डॉक्टरांना भेटा, मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, हे सगळं राहिलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, ‘नवे फोड यायचे थांबून सर्व फोडांवर कोरडी खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवा, याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात, कधी जास्तही.’ त्या जागी उरलं एवढंच: ‘मुलाला सात दिवस घरी ठेवावे.’

नोटिसा वाटल्या हवालदारणीने. डॉक्टरीणबाईंची मूळ पानं कचऱ्याच्या टोपलीतून उचलून तिने घडी करून कमरेला खोचली. अक्षरं जुळवत जुळवत तिने ती डब्याच्या सुट्टीत दोनदा वाचली. डॉक्टरीणबाईंनी तिला फाटकावर उभं राहून समजावलंही होतं, कारण शेजारच्या ‘अ’ वर्गात एक मुलगी होती, रक्ताच्या कर्करोगावर औषधं घेणारी, डोक्यावर निळी टोपी घालून येणारी. व्हरांडा एकच, नळ एकच, संडास एकच. "इतर मुलांना खाज सुटेल आणि ती बरी होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तिच्या जिवावर बेतेल. खपली पडायची गरज नाही, मावशी, धरली की पुरे. पण ओला फोड एकही नको. केसांत बघायला विसरू नका, तिथले मागाहून सुकतात."

आठव्या दिवशी सकाळी हवालदारीण एक स्टूल घेऊन फाटकात बसली. पहिला आला तो मुलगा पार खपल्यांनी भरलेला, पण सगळ्या कोरड्या ठणठणीत. तिने त्याला आत सोडलं. मागच्या दोन आया किंचाळल्या, असं पोर आमच्या मुलांत कसं सोडता म्हणून. एकीने त्याच्या आईच्या वेणीला हात घातला, तिने उलट नखं मारली आणि बघता बघता फाटकापुढे तीन बायका आणि सहा दप्तरं एकमेकांत गुंतली. हवालदारणीने दोघींना मानगुटीला धरून वेगळं केलं. धरणं म्हणजे मारणं नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं.

"खपली धरली की रोग जात नाही एकाकडून दुसऱ्याकडे," ती म्हणाली. "दिसायला वाईट दिसतं म्हणून घरी बसवायचं असतं तर तुम्हा तिघींनाही आत्ता घरी पाठवलं असतं."

मग क्रेनवाला आला. बंदरावर क्रेन चालवणारा हा माणूस, बायको वारलेली, घरात तो आणि सात वर्षांची लेक. लेकीच्या दोन घट्ट वेण्या, तोंडावर पावडरीचा थर. सात दिवस तो कामावर गेला नव्हता आणि मुकादमाने काल सांगितलं होतं, की आज आला नाहीस तर तुझ्या जागी दुसरा बसेल. हे त्याने सांगितलं नाही. तो नुसता म्हणाला, "सात दिवस झाले. जाऊ दे हिला."

हवालदारणीने पोरीला जवळ घेतलं, वेणीच्या मुळाशी बोटांनी केस बाजूला केले. कानामागे दोन, टाळूवर एक. पाणी धरलेले, चकचकीत.

"ओले आहेत."

त्याने खिशातून नोटीस काढून तिच्या नाकासमोर धरली. "वाच. सात दिवस. शाळेचा शिक्का आहे."

"सात दिवस कागदाचे झाले, फोडांचे नाही झाले."

पहिला फटका त्याने उघड्या हाताने मारला. तिचं डोकं फाटकाच्या गजावर आपटलं. आवाज एवढा झाला की रस्त्यापलीकडचा न्हावी कात्री हातात घेऊनच बाहेर आला. हवालदारणीने हात मागे बांधले आणि पाठ कडीला लावली. दुसरा फटका मुठीचा होता, ओठ फाटला. तिसऱ्याला तिच्या तोंडात रक्ताची चव आली, आणि त्या चवीबरोबर बाप आठवला, नवरा आठवला, आणि दोन्ही हात मागच्या मागे शिवशिवायला लागले. पण तिने एका हाताने दुसरा धरून ठेवला. आत पटांगणात निळी टोपी नळाशी उभी राहून पाणी पीत होती.

मुख्याध्यापिका धावत बाहेर आल्या. क्रेनवाल्याने नोटीस त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण ओळ त्यांचीच होती.

"मावशी, आपणच तसं लिहिलंय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आज घेऊ या आत. वेगळं बसवू."

"वेगळं कुठे, बाई? संडासात?" हवालदारीण रक्त थुंकली. तिने कमरेची घडी काढून त्यांच्यापुढे केली. "तुम्ही कापलेलं इथे आहे. वाचून दाखवा सगळ्यांना, मग मी कडी काढते."

बाईंनी पानं घेतली. वाचून मात्र दाखवली नाहीत. नोटीस तेवढी चुरगाळून मुठीत घेतली, आणि त्यावरूनच क्रेनवाल्याला कळून चुकलं की आज पोर आत जात नाही, म्हणजे आपली क्रेनही गेली. त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. हवालदारीण भिंतीसारखी उभी होती, बाईंना हात लावायची सोय नव्हती. राहिली पोर.

"तूच म्हणालीस ना, सुकले सगळे?" त्याने तिला दंडाला धरून उचललीच आणि दुसरा हात मागे नेला.

तो हात खाली आलाच नाही. त्याआधी हवालदारणीचा आला. एकच फटका, पण एक महिना साठवलेला. क्रेनवाला जबड्यावर हात दाबत दप्तरांच्या ढिगावर कोसळला, आणि उठू लागला तेव्हा तिने त्याच्या छातीवर गुडघा रोवला. न्हाव्याने आणि दोन पालकांनी ओढली म्हणून ती बाजूला झाली.

पोर रडत होती. हवालदारणीने तिच्याकडे हात केला तशी ती मागे सरकली, खाली पडलेल्या बापाच्या अंगावर जाऊन पडली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून घेतलं.

"माझ्या बाबांना मारू नका," ती म्हणाली.

संध्याकाळी हवालदारणीचा हिशेब झाला. मुख्याध्यापिका रडल्या, पण लेखी ते लेखी. नवी नोटीस त्याच दिवशी निघाली, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, एकही ओळ न कापता. ती फाटकावर चिकटवणं हे तिचं शाळेतलं शेवटचं काम ठरलं. तिने चारही कोपऱ्यांना खळ लावली, कागदावरून मूठ फिरवली आणि किल्ल्या देऊन घरी गेली. चिडून, हे वेगळं सांगायला नको. घरी गेल्यावर तिने एक पातेलं भिंतीवर फेकून मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर क्रेनवाला होता, एक गाल भोपळ्यासारखा सुजलेला, हाताला धरून पोर.

"घर न्हाव्याने दाखवलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मुकादमाचे पाय धरले. आजचा दिवस बघतो म्हणालाय. हिला कुणी ठेवून घेत नाही. शेजाऱ्यांकडे लहान बाळ आहे." मग तिच्या भुवईकडे बघून, "तुम्हाला येऊन गेल्यात ना?"

हवालदारणीच्या ओठाला चार टाके होते. तिने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. दार लावून घ्यावं असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि का लावू नये याचं एकही कारण तिच्याजवळ नव्हतं. फक्त पोरीचं एक बोट केसांत होतं, खाजवत.

"ठेव," ती म्हणाली. "आणि पुन्हा हिच्यावर हात उगारलास तर दुसरा गालही असाच करीन. आता मला नोकरी जायची भीती नाही."

तो मान हलवून धावतच गेला. आत आल्यावर पोर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हवालदारणीने नेहमीच्या सवयीने केस बघायला हात उचलला, आणि पोरीने डोळे घट्ट मिटून खांदे कानांपर्यंत ओढून घेतले. ते खांदे हवालदारणीला नीट माहीत होते. बापाच्या घरात ती तशीच उभी राहायची. आपल्या हाताला बघून आज कुणीतरी तसं उभं आहे, हे तिला त्या चार टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

ती खाली जमिनीवर बसली. दोन्ही हात उलटे करून तिने मांडीवर ठेवले. भांडी तशीच पडून राहिली, चूल थंड झाली. बऱ्याच वेळाने पोर एक एक पाऊल टाकत जवळ आली, समोर बसली आणि स्वतःच वेणी सोडून डोकं पुढे केलं.

हवालदारणीने बोटांच्या टोकांनी केस बाजूला केले. कानामागचे दोन्ही सुकले होते. टाळूवरचा एक अजून ओला होता.

"परवा," ती म्हणाली. "तोवर खाजवायचं नाही. खड्डे पडतात."