स्टोअरकीपरचं रजेवरचं उत्तर

आमच्या स्टोअरकीपरना सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. बावीस वर्षांत त्यांनी लागोपाठ दोन दिवस रजा घेतली नव्हती. त्यामुळे रजेवर असताना मेलला आपोआप जाणारं उत्तर त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं.

त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. “बाई, एवढं बघता का?” त्यांनी लिहिलं होतं : ‘मी नव्हतो, जरा थांबा, आलो तर बघतो.’

मी कपाळाला हात लावला. “अहो, लोक वाचतील तेव्हा तुम्ही रजेवरच असाल ना? मग ‘नव्हतो’ कसं? आणि हे ‘आलो तर’ काय? ग्राहकाशी असं बोलतात का?” मी तिथल्या तिथे ओळ सुधारली : ‘मी सध्या रजेवर आहे, परत आल्यावर आपल्याला नक्की उत्तर देईन, तसदीबद्दल क्षमा असावी.’

त्यांनी ती दोनदा वाचली. “नक्की म्हणता?”

“तसंच लिहितात,” मी मान वर न करता म्हटलं.

नवव्या दिवशी ते दवाखान्यातच वारले. ती बातमी मीच सगळ्या ऑफिसला मेलने कळवली. मिनिटभरात पहिलं उत्तर आलं ते त्यांचंच. माझीच ओळ, एका अक्षराचीही चूक नसलेली.

हे उत्तर एका माणसाला एकदाच जातं, त्याच्या पहिल्या मेलला. म्हणजे त्या नऊ दिवसांत, फोन तर सोडाच, ‘कसे आहात?’ एवढी एक ओळही मी त्यांना लिहिली नव्हती.