बँक हमी सोडवायला गेलो तेव्हा

सरकारी दवाखान्याला पलंग पुरवले, वॉरंटीची तीन वर्षंही संपली, तरी यवतमाळच्या ऑफिसातून माझी अनामत म्हणून ठेवलेली बँक हमी सुटेना. "पलंग चांगले चालतात, असं दवाखान्याचं पत्र आणा," बाबू म्हणाला. मी तणतणत पांढरकवड्याला, त्या दवाखान्यात गेलो. एकही तक्रार नव्हती, मग पत्र कायले?

सिस्टरनं वॉर्ड दाखवला. एका पलंगाची डोक्याकडची बाजू वर होत नव्हती. तिकडच्या पायांखाली विटा लावल्या होत्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

माझा आवाज चढला. "मग कळवलं काहून नाही?"

"कळवलं असतं तर तुम्ही पलंग दुरुस्तीले नेला असता. पेशंटले कुठं झोपवलं असतं?"

'पलंग चांगले चालतात' या पत्रावर सही करायला तिनं पेन मागितला. खिशातला पेन माझ्यानं काढवेना.