सोसायटीचं आहे, दुसरं काही नाही

"ही घ्या तुमची पिशवी, आन् दुसरा गडी बघा. मी न्हाई जानार आता."

"अरे, नाही जाणार म्हणजे? पगार कशाचा घेतोस?"

"पगार कागद वाटायचा घेतो, भाऊसाहेब. मानसं रडवायचा न्हाई."

हे भांडण इंदूनं चुलीपुढं बसून ऐकलं. पडवीत तिचा थोरला भाऊ विष्णुपंत आणि सोसायटीचा शिपाई दिलावर एकमेकांवर आवाज चढवत होते, आणि इकडे तव्यावर भाकरी करपत होती. चव्वेचाळीस सालची गोष्ट, माघ संपत आला होता. पुणतांब्याच्या अलीकडं गोदावरीच्या काठचं गाव. गावात पतपेढी होती, तिला सगळे सोसायटीच म्हणायचे. विष्णुपंत तिचे सेक्रेटरी. आधी राहात्याला वकिलाकडे कारकुनी केलेली, त्यामुळं घरात मीठ मागायचं तरी "सदरहू मीठ" म्हणतील असा माणूस.

इंदू त्यांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. मराठी चौथी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. भावाचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून सोसायटीच्या नोटिसा उतरवून काढायचं काम तिच्याकडं आलं. त्याचे पैसे नव्हते. विधवा बहिणीला खायला घालतो, तेच पुष्कळ झालं असं भावाचं मत, आणि तसं ते वर्षातून चारदा बोलून दाखवायचे.

भांडण कशावरून, ते दिलावरनंच सांगितलं. तो खालच्या वस्तीवर चांगुणाबाईची नोटीस घेऊन गेला होता. चांगुणाबाई तात्याबाची विधवा. एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ, त्याला सगळे गोरख म्हणायचे, लढाईवर गेलेला. तीन महिने झाले, पत्र नाही आणि मनिऑर्डरही नाही. लढाईमुळं कागदाची टंचाई, म्हणून विष्णुपंतांनी मामलेदार कचेरीतून टाकाऊ सरकारी लखोटे मागून आणले होते आणि नोटिसा त्यात घालून पाठवत होते. लखोट्यावर राजाचा मुकुट छापलेला.

"लांबनं त्यो मुकुट बगितला आन् बाईनं हंबरडाच फोडला," दिलावर म्हणाला. "लष्कराचा कागद वाटला तिला. वस्ती गोळा झाली. बाया छाती बडवाया लागल्या. मी म्हंतोय, अगं सोसायटीचं हाय, सोसायटीचं हाय, कोन ऐकतं? वाचनारा कुनी न्हाई. सांच्याला शाळेचे मास्तर आले, त्यांनी वाचलं. हप्ता थकलाय म्हनं! तवर बाईनं बांगड्या फोडायच्या तेवढ्या ऱ्हायल्या हुत्या, त्या पन असत्या तर फोडल्या असत्या."

विष्णुपंतांनी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "लखोट्याचं चुकलं असेल. मजकुराचं नाही."

आता इंदूला राहवेना. ती दारात येऊन उभी राहिली. मजकूर तिला तोंडपाठ होता, तिनंच शंभरदा उतरवलेला: सदरहू कर्जदार चांगुणा कोम तात्याबा हीस कळविण्यात येते की, तिजकडील कर्जाचा हप्ता मुदतीत भरणा न झाल्यास तिचे स्थावर-जंगम मिळकतीवर कायदेशीर इलाज करण्यात येईल.

"दादा, अजून मुदत तरी कुठं संपलीय? मार्चअखेर आहे ना हप्ता? आधी आठवण द्यावी. नुसती आठवण. नोटीस नंतर आहेच."

"या शब्दांना कोर्टात वजन आहे, इंदे."

"कोर्टात असेल. वस्तीवर त्याचा धोंडा होतो."

दिलावर खाली मान घालून हसला. विष्णुपंत हसले नाहीत.

खरी अडचण वेगळीच होती. पाऊस आडवा आला होता, चांगुणाबाईची ज्वारी निम्मी गेली होती. बैलजोडीसाठी काढलेलं कर्ज, हप्ता भरणं शक्य नव्हतं. असं झालं तर सभासदानं मुदतीच्या आत अर्ज करायचा, दोन्ही जामीनदारांची संमती घ्यायची आणि पंचकमिटीनं मुदत वाढवून द्यायची, असा सोसायटीचा नियमच होता. पण नोटिशीत तो नियम कधी लिहिलेला नव्हता. मुदत उलटली की प्रकरण लवादाकडं, आणि लवादाचा हुकूम झाला की जप्ती. मग बैल दावणीला राहत नाहीत. आणि बाईनं तर आता कुठलाच कागद दारात घ्यायचा नाही अशी शपथ घेतलेली. कागद घेईना, तर अर्ज तरी कसा करणार?

त्या दिवशी इंदू करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेऊन जेवली आणि दुपारी पाटीवर लिहायला बसली. कागद वाया घालवायची सोय नव्हती. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "आपणास विनंती" लिहिलं तर लग्नाचं बोलावणं वाटतं. "कृपा करून" लिहिलं तर सोसायटीच भीक मागतेय असं वाटतं. मग तिनं मनातल्या मनात चांगुणाबाईच्या ओट्यावर बसून बघितलं, की तिला आधी काय कळायला हवं? तेच पहिल्या ओळीत घातलं.

दोन दिवसांनी पंचकमिटी मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत बसली. चेअरमन आप्पासाहेब पाटील, मिशा मोठ्या आणि मन त्याहून थोडं लहान. दिलावरनं कागद वाटायचं सोडलं होतं आणि वसुली अडली होती. गावची वसुली बँकेत गेली नाही तर पेरणीला नवं कर्ज कुणालाच मिळणार नव्हतं. म्हणून तरी विष्णुपंतांनी बहिणीचा मजकूर वाचून दाखवला:

"चांगुणाबाई यांस सोसायटीचा नमस्कार. हे पत्र सोसायटीचे आहे. आपल्या घरच्या कोणाबद्दल यात काही नाही. बैलजोडीच्या कर्जाचा आपला हप्ता मार्चअखेर भरायचा आहे. भरणे जमत नसेल, तर त्याच्या आत सोसायटीत येऊन सांगावे. दोन्ही जामीनदारांना बरोबर आणावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. कमिटी विचार करील. न सांगता मुदत गेली, तर प्रकरण लवादाकडे पाठवावे लागेल. तसे होऊ नये म्हणून आधी कळवले आहे."

आप्पासाहेब म्हणाले, "इतकं गोड लिहिल्यावर कोन भरनार पंत? लोक म्हंतील, सोसायटी मामाच्या घरची हाय."

"गोड कुठंय?" भिंतीशी बसलेला दिलावर म्हणाला. "लवाद हायच की त्यात. नुस्तं आधी सांगितलंय."

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. एक वरीस बघू. पर त्यो लखोटा चुलीत घाला आदी."

मजकूर मंजूर झाला, पण दिलावरला वस्तीवर पाऊल टाकायची छाती होईना. म्हणून इंदूच निघाली. बामणाची विधवा बाई भरदुपारी वस्तीवर चालली, म्हणून गल्लीतल्या बायकांनी दारं किलकिली केली. विष्णुपंत पाठ फिरवून पंचांग चाळत बसले. दिलावर चार पावलं मागून.

बाभळीच्या काट्यांच्या कुपाशी ती थांबली आणि जोरात ओरडली, "चांगुणाबाई! सोसायटीचं आहे, दुसरं काही नाही!"

चांगुणाबाई दारात आली. तीन महिन्यांत वाळून खारीक झालेली. इंदूनं कागद तिच्या हातात दिलाच नाही, उभ्यानं वाचला. पहिल्या दोन ओळी झाल्यावर बाईनं हात वर केला.

"थांब माय. घरच्या कुनाबद्दल कायी न्हाई म्हंजी... बरं पन न्हाई?"

"बरं नाही, वाईट नाही. नुसता हप्ता."

"मंग वाच. हप्ता सोसंल."

इंदूनं सगळं वाचलं, मुदतवाढीचं दोनदा सांगितलं. चांगुणाबाईनं कोठीतून ओंजळभर शेंगा आणून तिच्या पदरात घातल्या. शिजवलेलं चालायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. चार दिवसांनी ती दोन्ही जामीनदारांना पुढं घालून आली, अर्जावर अंगठा उठवला आणि तिला मुदत मिळाली. बैल दावणीलाच राहिले.

मऊ पत्रानं गाव काही हरिश्चंद्राचं झालं नाही. भरणाऱ्यांनी भरलं, बुडवणाऱ्यांनी "इंदूअक्काचं अक्षर लई देखनं" म्हणून कागद फळीवर ठेवून दिला. पण मुदतीच्या आधी येऊन सांगणारे वाढले, एवढं विष्णुपंतांनाही कबूल करावं लागलं. ते त्यांनी बहिणीला नाही, दिलावरला सांगितलं. दिलावरनं अर्थातच लगेच चुलीपर्यंत पोचवलं.

दिवाळीनंतर एके सकाळी चांगुणाबाई आपणहून पडवीत आली. चेहऱ्यावर हसू. हातात मुकुटाचा लखोटा.

"काय गं अक्का, तुझ्या भावानं पुन्हा त्योच मेला लखोटा काडला व्हय? टपालवाला देऊन ग्येला. म्या म्हनलं, आता न्हाई भ्यायची. सोसायटीचं असंल. वाच."

इंदूनं लखोटा फोडला. आत छापील मराठी कागद, मध्ये शाईनं नाव भरलेलं. ती वाचत होती आणि चांगुणाबाई खांबाला टेकून तिच्या तोंडाकडं बघत होती, अजून हसतच, आता नमस्कार येईल म्हणून. बाईची भीती आपणच घालवली. ती भीती असती तर बाई निदान वाटेत रडत तरी आली असती, मनाची तयारी करून. एवढं इंदूच्या मनात आलं. कागदात "दुःखपूर्वक" होतं, "कर्तव्य बजावीत असता" होतं, चांगले वजनदार शब्द होते. त्यातला एकही तिच्या तोंडातून निघेना.

"चांगुणाबाई," ती म्हणाली, "हे सोसायटीचं नाही."

एवढंच. चांगुणाबाई खांबाला धरून खाली बसली. इंदू तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. सोवळ्यात होती, तरीही. विष्णुपंत बाहेर आले, बघितलं आणि आत गेले.

त्यानंतर दर वर्षी माघात दिलावर सगळ्या गावाची पत्रं वाटायचा, खालच्या वस्तीचं एक सोडून. ते इंदू नेत असे. कुपाशी थांबून तशीच हाक घालत असे. दिलावर एकदा म्हणाला, "अक्का, आता तिला कशाची भीती? कशाला वरडता?" इंदू म्हणाली, "तिला हाक ओळखीची झालीय रे." दुसऱ्या वर्षी शेंगांबरोबर चांगुणाबाईच्या माठातलं पाणी आलं, आणि इंदू ते प्याली.

एकोणपन्नास सालच्या माघात इंदूला महिनाभर बारीक ताप होता. खोकताना पदराला रक्त लागायचं, ते ती वहिनीला दिसू देत नसे. चैत्रात ती गेली. पण त्या माघातलं पत्रही तिनंच नेलं. दिलावर म्हणाला, मी नेतो. तिनं पिशवीतून तो एक कागद काढून घेतला आणि निघाली. वाटेत दोनदा बांधावर बसली. कुपाशी पोचली तेव्हा दम लागला होता, तरी पदरानं तोंड पुसलं, श्वास गोळा केला आणि हाक घातली:

"चांगुणाबाई! सोसायटीचं आहे, दुसरं काही नाही!"

आतून आवाज आला, "ये माय. माठ आत्ताच भरलाय."