नव्या टीमला माझा जाहीर परिचय

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की मी कोण आहे ते मेलवर लिहून सगळ्यांना पाठवायचं.

वाशीममधलं हे संस्थेचं ऑफिस. गावोगावच्या पाणी समित्यांसोबत काम. आमच्या समन्वयक ताईंची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की त्यानं टीमला स्वतःची ओळख करून देणारा मेल टाकायचा, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये तो मेल समोर ठेवून त्या गावं वाटायच्या. मला आसेगाव हवं होतं. तिथं बायकांच्या बैठका सुरू व्हायच्या होत्या, आणि बैठक घेणं ही एकच गोष्ट मला चांगली येते असं माझं मत होतं. अजूनही आहे.

त्याआधी मी चार वर्षं पत्रकं लिहिली होती. आमचं गाव मेडशीच्या पलीकडे. तिथं ग्रामसभेच्या आधीची महिला सभा कागदावरच भरायची. सह्या असायच्या, बायका नसायच्या. त्यावर आम्ही मुलींनी गुलाबी कागदावर पत्रकं छापली, दारोदार वाटली. त्यामुळे मला एकाच प्रकारचं लिहिता येत होतं. ओळखही तशीच लिहिली. वर ठळक अक्षरांत ‘सस्नेह परिचय’, खाली मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे उद्गारचिन्ह.

शेजारच्या टेबलावर बारा वर्षं फिल्डवर काढलेले भाऊ बसायचे. पाठवण्याआधी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि सावकाश वाचलं.

“हे कोनाच्या विरोधात हाय?”

“कोणाच्याच नाही. माझी ओळख आहे.”

“मंग ‘हे यापुढे खपवून घेतले जाणार नाही’ कायले लिवलं?”

“ते पाणी प्रश्नाबद्दल आहे.”

“आनं हे ‘आम्ही लढलो, आम्ही जिंकलो, आम्ही रुजू होत आहोत’. तुमी कितीजनी जॉइन झाल्या?”

पत्रकात ‘मी’ लिहायचं नसतं. ‘मी’ लिहिलं की लोक म्हणतात, निवडणुकीला उभी राहून राह्यली वाटते. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“बाई, आमी तुहे मतदार नोहोत. थोडं खाली घे.”

“तुम्ही काय लिहिलं होतं?”

“माह्या टायमाले मेल नव्हता. चहा पाजला सगळ्याले, झालं.”

मला राग आला. चार वर्षांचं काम खाली घ्यायचं म्हणजे किती खाली? मग घेतलंच. पत्रकाच्या तळाशी ‘आपली नम्र’ असतं, तेवढंच उरवलं आणि अख्खा मेल त्याच सुरात लिहून काढला. मी या क्षेत्रात नवखी आहे. मला विशेष अनुभव नाही. आपणा सर्वांच्या मार्गदर्शनाखाली शिकण्याची संधी मिळाली हे माझं भाग्य. चुकलं तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. विषय: अल्प परिचय. पाठवला.

उत्तरं भराभर आली. ‘वेलकम’. ‘वेलकम टू द टीम’. ‘हार्दिक स्वागत’. एकानं हात जोडल्याचं चित्र. मी काय केलं, कुठून आले, हे एकानंही विचारलं नाही. विचारण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं, पण तेव्हा मला वाटलं की लोकच थंड आहेत.

माझ्यासोबत एक मुलगाही रुजू झाला होता. त्याचा मेल अर्ध्या तासानं आला. त्यात तो नेतृत्वगुण असलेला, लोकसंवादात निपुण आणि कोणत्याही परिस्थितीत परिणाम घडवून आणणारा होता. त्यालाही तेवढेच वेलकम आले.

सोमवारी ताईंनी दोन्ही मेलच्या प्रिंट काढून आणल्या. वाचल्या. म्हणाल्या, “आसेगाव याच्याकडे. लोकसंवादात निपुण आहे म्हणतो. आणि तू याच्या बैठकीत हजेरीचा कागद फिरव, फोटो काढ. हळूहळू शिकशील.”

“ताई, मी बैठका घेतल्यात.”

“कुठं?”

“आमच्या गावात. चार वर्षं.”

ताईंनी प्रिंट माझ्याकडे सरकवली. “इथं लिहिलंय, विशेष अनुभव नाही.”

“ती नम्रता होती.”

“मला काय माहीत? मला वाटलं माहिती आहे.”

कोणी हसलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, हा अन्याय आहे. फुशारकी मारणाऱ्याला गाव आणि गप्प राहणारीला कॅमेरा? मुलीनं खालच्या आवाजात बोलायचं हे घरी ऐकलं, गावात ऐकलं, आता इथंही का? आवाज पत्रकाच्या पट्टीत गेला होता. भाऊ पुटपुटले, “आता आली खरी ओळख.”

ताई शांतपणे म्हणाल्या, “तुला खालच्या आवाजात बोल असं मी सांगितलं नव्हतं.”

सांगितलं होतं भाऊंनी, तेही ‘थोडं’ म्हणून. तळाला जाऊन बसले होते मी.

तेवढ्यात त्या मुलानं हात वर केला. “मॅडम, मी निपुण नाही. मेल मोबाइलमधल्या ॲपकडून बनवून घेतला. मले नकाशे येतात. चार लोकांत उभं राह्यलं की घाम फुटते.”

ताईंनी दोघांकडे पाहिलं. “संध्याकाळपर्यंत दोघांनीही पुन्हा पाठवा. सगळ्यांना. काय केलं ते लिहा, काय येत नाही ते लिहा. आसेगावचं मग बघू.”

सगळ्यांना म्हणजे ज्यांनी वेलकम केलं होतं त्यांनाच. मी दुपारभर लिहीत बसले. आधी चिडून, मग अडून. ‘महिला सभा सुरू करून घेतली’ हे खरं होतं. ‘मी’ सुरू करून घेतली हे खरं नव्हतं, आम्ही सहाजणी होतो. पण घरोघर बोलायला मी जायचे, तेवढा ‘मी’ लिहायला हरकत नव्हती. शेवटी एवढा मेल झाला:

‘मागचा मेल चुकीचा होता, म्हणून हा दुसरा. आमच्या गावात महिला सभा भरावी म्हणून आम्ही सहाजणींनी काम केलं. पत्रकं मी लिहायचे आणि घरोघरी जाऊन बायकांशी बोलायचे. सभा आता भरते. पण मजुरीला जाणाऱ्या बायका अजून येत नाहीत, ते मला जमलेलं नाही. पाण्याचा ताळेबंद मला कळत नाही, शिकायचा आहे. मी पटकन चिडते. आसेगावच्या बैठका मला घ्यायच्या आहेत.’

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. दोनदा परत लिहिलं. पाठवलं.

या वेळी वेलकम आला नाही. मानोरा तालुक्यात काम करणाऱ्या एका ताईनं लिहिलं: सभा किती वाजता ठेवत होतात? मी उत्तर दिलं, दुपारी. तिनं लिहिलं: मजुरीवाल्या बाया दुपारी रानात असतात ना, कशा येतील? मी ते वाचून बराच वेळ चिडलेली होते. तिच्यावर नाही. चार वर्षांत आम्हा सहाजणींपैकी एकीलाही वेळ बदलायचं सुचलं नव्हतं.

घरी निघताना समन्वयक ताई माझ्या टेबलाशी थांबल्या. “आसेगाव तुमच्या दोघांकडे. बोलायचं तू, नकाशा त्यानं. पहिली बैठक कधी ठेवतेस?”

“बाया रानातून घरी येऊन चहा घेतल्यावर,” मी म्हटलं.