माझ्या टेबलावरचा टॉवेल

परळच्या आमच्या कॉलेजात बॉक्सिंगचे सामने होते. मी तिथली जुनी खेळाडू, म्हणून सरांनी माझ्या हातात माईक दिला. "लोकांना काही कळत नाही गं, जरा समजावून सांग." नकार द्यायला हवा होता. चोपन्न किलोच्या गटात माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच उतरणार होती आणि पहिल्या रांगेत आई बसली होती.

समोरची मुलगी बहिणीपेक्षा वीतभर उंच. "ही कसली जोडी!" मागून कोणीतरी ओरडलं. मी सांगितलं, सकाळी दोघींचं वजन झालंय, गट वजनावर ठरतो, उंचीवर नाही. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. पाच पंच. फेरी जिंकणारीला दहा गुण, दुसरीला बहुधा नऊ, फारच मार खाल्ला तर आठ. खेळाडूला झेपत नसेल तर तिच्या कोपऱ्यातून प्रशिक्षक टॉवेल टाकतात, लढत तिथेच संपते. दाखवायला म्हणून मी एक पांढरा टॉवेल उंच धरला आणि टेबलावर ठेवला.

पहिली फेरी गेली. दुसरीत बहिणीच्या तोंडावर सरळ ठोसा बसला आणि ती गुडघ्यावर आली. रेफरी मोजू लागले. ती लगेच उठली, तरी मोजणं चालूच. "हरली, हरली," असा गलका झाला.

"हरली नाही," मी माईकवर म्हटलं. "उठली तरी आठपर्यंत मोजतातच. त्याचे वेगळे गुण कापत नाहीत." बोलताना मला तिच्या नाकातलं रक्तच दिसत होतं. रेफरींनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि लढत पुन्हा सुरू केली.

तेवढ्यात आई उठली. तरातरा माझ्या टेबलाशी आली आणि टॉवेल उचलला. ही आता तो रिंगमध्ये भिरकावणार, भर कॉलेजात पोरीचं हसं होणार! "टॉवेल फक्त प्रशिक्षकच टाकू शकतात," मी माईकवर सांगितलं. सगळ्या हॉलला वाटलं, मी नियम समजावतेय. आई टॉवेल छातीशी धरून जागेवर जाऊन बसली. उरलेला सगळा वेळ मी एक डोळा रिंगवर आणि एक तिच्या हातांवर ठेवला.

बहीण हरली. पाचातल्या चार पंचांनी समोरचीच्या बाजूने कौल दिला. धाकटी खाली उतरली ती हसतच, नाकात कापूस घालून. आईने त्याच टॉवेलने तिचा घाम पुसला.

मी चिडूनच विचारलं, "आई, टाकणार होतीस ना तो?"

"माका कित्याक टाकूचो होतो?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझो आवाज केवढो कापत होतो! माका वाटला, तूच टाकतलंस. म्हणान काढून घेतलंय."