चौकोनाबाहेर गेलेला आकडा

आमच्या औषधाच्या दुकानात ती मुख्य फार्मासिस्ट, मी तिच्या हाताखालची. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात. मी तिच्या पाठीमागे तिला ‘बर्फाची लादी’ म्हणते. कोणी तोंडावर ओरडलं तरी हिचा आवाज एक रेघ वर चढत नाही. माझा स्वभाव नेमका उलटा, शब्द आला की सुटला. एकदा एकाने खोटी चिठ्ठी आणली तेव्हा मी चारचौघांत “ही बनावट आहे” असं खणखणीत सांगितलं. तो निघून गेला आणि ताईने मला आत बोलावलं.

“बनावट आहे हे तुला कुणी सांगितलं? आपल्याला शंका येते, एवढंच. ‘डॉक्टरांना एक गोष्ट विचारते, बसा’ म्हणायचं. जायचं असेल त्याला जाऊ द्यायचं. अडवायचं नाही, ओढाताण नाही. आणि खात्री झाल्याशिवाय गोळी द्यायची नाही.”

मला ते भित्रेपणाचं वाटलं होतं. बाई नाकासमोर चालणारी, असंही वाटलं.

परवा दुपारी तिचा थोरला भाऊ आला. वडील लवकर गेले, त्याने हिला शिकवलं, हिचं लग्न लावलं. “दादा नसता तर मी कुठे असते,” हे तिचं पालुपद. आई त्याच्याकडेच असते. तिचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला, म्हणून अफूच्या जातीची जालीम वेदनाशामक गोळी चालू होती. दर वेळी दादाच ती घेऊन जायचा. घरचा माणूस, त्यामुळे त्याची चिठ्ठी आम्ही वरवरच बघायचो. तेच चुकलं.

त्या दिवशी चिठ्ठी माझ्या हातात आली. चाळीस गोळ्या. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टर बाईंना अशा औषधाच्या आकड्याभोवती घट्ट चौकोन काढायची सवय आहे. या इंग्रजी चाराचा आडवा हात चौकोनाच्या रेघेवरून बाहेर आला होता. दिव्याखाली धरली तर त्या हाताची शाई जास्त निळी. मी ‘बनावट’ हा शब्द गिळून चिठ्ठी ताईपुढे सरकवली.

तिने बघितली. चेहऱ्यावर काही नाही. मग हळू म्हणाली, “हा माझा भाऊ आहे, मी यात पडणं बरोबर नाही. फोन तू कर. नंबर चिठ्ठीवरचा नको, आपल्याकडचा लाव.” आणि काउंटरवर जाऊन दादाला म्हणाली, “पाच मिनिटं बस, डॉक्टरांना एक विचारायचंय.”

“आता घरच्यांचीही चौकशी का?” तो हसला, पण कपाळ पुसत होता.

मी आतून फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, “मी दहाच लिहिल्या. देऊ नका. तो तयार असेल तर चिठ्ठी ठेवून घ्या, नसेल तर फोटो पुरे. दुकानाच्या मालकांना कळवा, पुढची लेखी तक्रार ते बघतील.” मग जरा थांबल्या. “मला एक कोडं आहे. एवढ्या डोसवर आईंना आराम पडायला हवा होता. मुलगा तर दर खेपेला सांगतो, दुखणं वाढलंय.”

फोन ठेवला. मी हे शब्द ताईला जसेच्या तसे सांगितले. ती भिंतीला टेकली. पहिल्यांदाच मी तिला कशाला तरी टेकलेलं पाहिलं.

मागच्या खोलीत तिने दादाला समोर बसवलं. मला म्हणाली, “तू थांब इथे.” आवाज तोच, सपाट.

“दादा, या गोळ्या मिळणार नाहीत. आकडा बदललाय, डॉक्टरांना कळलंय. आता सांग, आई कुठली गोळी घेते?”

तो जमिनीकडे बघतच बोलला. कंबरदुखीसाठी आईची एक घेतली होती, मग दुसरी, मग राहवेना. “तिची मीच खायचो,” तो म्हणाला. “तिला कॅल्शियमची देत होतो. दिसायला सारखीच असते ना.”

मी हादरले. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ताईने पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला.

“एकदम बंद केलीस तर तुलाही त्रास होईल. आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. आईला त्या स्वतः तपासून किती द्यायची ते नव्याने ठरवतील. यापुढे तिची गोळी माझ्याकडे.”

त्याने मान हलवली, चिठ्ठी टेबलावर सोडली आणि हुंदके देत बाहेर गेला. ताई चप्पल घालायला वाकली, ती तशीच वाकलेली राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“काल आई दुखण्याने ओरडत होती,” ती म्हणाली, “आणि मी तिला रागावले. म्हटलं, एवढं औषध देतोय आम्ही, आता थोडं सहन करायला शिक.”